परिवर्तनीय कर्जरोखे : व्याज सहा टक्के, खर्च दहा टक्के

परिवर्तनीय कर्जरोखा, म्हणजेच कन्व्हर्टिबल डिबेंचर, हा एका कागदावर लिहिलेला दुहेरी करार असतो. पहिल्या करारानुसार कंपनी ठरलेले व्याज देते आणि मुदत संपल्यावर मुद्दल परत करते. दुसऱ्या करारानुसार रोखेधारकाला मुद्दल परत घेण्याऐवजी ठरलेल्या संख्येने कंपनीचे समभाग घेण्याचा हक्क मिळतो. या हक्काला किंमत आहे, आणि म्हणूनच रोखेधारक बाजारातील दरापेक्षा कमी व्याज स्वीकारतो. कंपनीच्या हिशेबात पूर्वी हा कमी दरच खर्च म्हणून दिसत असे. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ३२ आणि त्यावर आधारलेले भारतीय मानक इंड एएस ३२ यांना ते मान्य नाही. रोखा विक्रीस काढला त्याच दिवशी त्याची दायित्व आणि भागभांडवल अशी विभागणी करावी, आणि पुढे दरवर्षी दायित्वाच्या भागावर बाजारातील दराने वित्तीय खर्च दाखवावा, असे ही मानके सांगतात.

ही मानके लागू असलेल्या देशांत राहून तेथील किंवा भारतातील कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणाऱ्यास एक कोडे वारंवार पडते. रोख्यावर ६ टक्के व्याज छापलेले असते, रोख प्रवाह पत्रकातही तेवढेच व्याज दिल्याची नोंद असते, मात्र नफा-तोटा पत्रकात खर्च त्याच्या दीडपट असतो. शिवाय भागभांडवलाच्या रकान्यात ‘संयुक्त वित्तीय साधनांचा भागभांडवली घटक’ अशा नावाची, एकही समभाग न विकता आलेली रक्कम उभी असते. दोन्ही आकडे एकाच विभागणीतून निघतात. एक साधे उदाहरण शेवटपर्यंत नेले की ते उलगडते.

पहिल्या दिवसाची विभागणी

एका कंपनीने प्रत्येकी १,००० रुपयांचे १०,००० कर्जरोखे विकले आणि १ कोटी रुपये उभे केले, असे समजू. मुदत तीन वर्षांची, व्याज ६ टक्के, दर वर्षअखेरीस देय. मुदत संपल्यावर रोखेधारकाने एक तर १,००० रुपये परत घ्यावेत किंवा त्याऐवजी १० रुपये दर्शनी किमतीचे ८ समभाग घ्यावेत. याच कंपनीने याच मुदतीचे, याच तारणाचे, पण परिवर्तनाचा हक्क नसलेले रोखे काढले असते, तर गुंतवणूकदारांनी १० टक्के व्याज मागितले असते.

विभागणीचा क्रम ठरलेला आहे. आधी दायित्वाचे मोल काढायचे आणि जे उरेल ते भागभांडवल मानायचे. भागभांडवल हे व्याख्येनेच सर्व देणी वजा जाता उरणारे शेष असते. त्यामुळे परिवर्तनाच्या हक्काचे मोल स्वतंत्रपणे काढून उरलेले दायित्व समजणे, हा उलटा मार्ग मानकाला मान्य नाही.

दायित्व म्हणजे कंपनीने रोखीत द्यावयाच्या रकमा. येथे तीन वर्षे दरवर्षी ६,००,००० रुपये आणि तिसऱ्या वर्षअखेरीस १,००,००,००० रुपये. या रकमांचे आजचे मोल १० टक्के दराने काढले, तर तीन व्याजांचे मिळून १४,९२,१११ रुपये होतात आणि मुद्दलाचे ७५,१३,१४८ रुपये. बेरीज ९०,०५,२५९ रुपये. हे दायित्व. मिळालेल्या १ कोटीतून ते वजा केले की ९,९४,७४१ रुपये उरतात आणि ते भागभांडवलात जातात. गुंतवणूकदारांनी समभाग घेण्याच्या हक्कासाठी मोजलेली ही किंमत होय. ती त्यांनी वेगळी दिली नाही, कमी व्याज पत्करून दिली. व्यवहारात लपलेली ही देवाणघेवाण मानक उघडी करते, एवढेच.

ही विभागणी एकदाच होते. पुढे समभागाचा भाव दुप्पट झाला, निम्म्यावर आला किंवा बाजारातील व्याजदर बदलले, तरी पहिल्या दिवशीचे प्रमाण पुन्हा मांडले जात नाही. रोखेधारक परिवर्तन करील की नाही याची शक्यता बदलली, हेही फेरविभागणीचे कारण ठरत नाही.

दरवर्षीचा खर्च

दायित्व ९०,०५,२५९ रुपयांनी सुरू होते, पण मुदतीअखेर कंपनीला १ कोटी द्यावे लागू शकतात. मधली तफावत वर्षावर्षाने भरून काढावी लागते आणि ती भरून काढणारे साधन म्हणजे प्रभावी व्याजदर. वर्षारंभीच्या दायित्वावर १० टक्के दराने खर्च मोजायचा, प्रत्यक्ष दिलेले व्याज त्यातून वजा करायचे आणि उरलेली रक्कम दायित्वात मिळवायची.

| वर्ष | आरंभीचे दायित्व | वित्तीय खर्च | दिलेले व्याज | अखेरचे दायित्व |
|---|---|---|---|---|
| पहिले | ९०,०५,२५९ | ९,००,५२६ | ६,००,००० | ९३,०५,७८५ |
| दुसरे | ९३,०५,७८५ | ९,३०,५७९ | ६,००,००० | ९६,३६,३६४ |
| तिसरे | ९६,३६,३६४ | ९,६३,६३६ | ६,००,००० | १,००,००,००० |

तीन वर्षांचा एकूण वित्तीय खर्च २७,९४,७४१ रुपये होतो. त्यातले १८,००,००० रुपये रोखीने दिलेले व्याज आहे आणि उरलेले ९,९४,७४१ रुपये म्हणजे पहिल्या दिवशी भागभांडवलात गेलेली नेमकी तीच रक्कम. जो हक्क विकून भागभांडवल वाढले, त्याच हक्काच्या किमतीएवढा जादा खर्च पुढील तीन वर्षांच्या नफ्यातून वजा होतो. रोख रक्कम मात्र एका रुपयानेही अधिक जात नाही. म्हणून रोख प्रवाह पत्रकात हा जादा भाग ‘रोखीत न गेलेला खर्च’ म्हणून नफ्यात परत मिळवला जातो.

खर्च दरवर्षी वाढत का जातो, असा प्रश्न अनेकांना पडतो. व्याजाचा दर स्थिर आहे, पण ज्या रकमेवर तो लागतो ती रक्कम वाढत आहे. तफावतीचे तीन समान भाग करून दरवर्षी ३,३१,५८० रुपये जमेस धरणे ही लहान कंपन्यांच्या हिशेबात हमखास आढळणारी चूक आहे. ती ओळखणे सोपे आहे. वर्षाच्या वित्तीय खर्चाला वर्षारंभीच्या दायित्वाने भागावे. दरवर्षी तोच दर आला तर कोष्टक बरोबर आहे. दर घसरत गेला तर समान हप्त्यांची पद्धत वापरलेली आहे. आणि भागाकार न करताही खर्च नेमका ६,००,००० रुपयेच दिसत असेल, तर विभागणी झालेलीच नाही.

रोखे विक्रीस काढण्याचा खर्च, म्हणजे वकील, मर्चंट बँकर, मुद्रांक शुल्क इत्यादी, हाही याच प्रमाणात वाटावा लागतो. तो २ लाख रुपये असेल, तर १,८०,१०५ रुपये दायित्वातून आणि १९,८९५ रुपये भागभांडवलातून वजा होतात. दायित्व ८८,२५,१५४ रुपयांवर येते, पण पुढे द्यावयाच्या रकमा त्याच राहतात. परिणामी प्रभावी दर १० वरून सुमारे १०.७९ टक्क्यांवर जातो. म्हणूनच टिपणांतला प्रभावी दर बाजारातील दरापेक्षा थोडा जास्त असणे स्वाभाविक आहे.

दहा टक्के कोणी ठरवले?

साऱ्या हिशेबाचा भार ज्या एका आकड्यावर आहे तो बाजारात छापून येत नाही. परिवर्तनाचा हक्क नसलेल्या तशाच रोख्याचा दर हा व्यवस्थापनाचा अंदाज असतो. कंपनीने नुकतेच घेतलेले साधे कर्ज, तेवढ्याच पतमानांकनाच्या इतर कंपन्यांचे रोखे किंवा सरकारी रोख्याच्या दरावर पतजोखमीची भर, अशा आधारांवर तो बांधला जातो.

तो दर ८ टक्के धरला असता, तर दायित्व ९४,८४,५८१ रुपये आणि भागभांडवल केवळ ५,१५,४१९ रुपये झाले असते. पहिल्या वर्षाचा खर्च ७,५८,७६६ रुपये आला असता. दर १२ टक्के धरला असता, तर भागभांडवल १४,४१,०९९ रुपयांवर आणि पहिल्या वर्षाचा खर्च १०,२७,०६८ रुपयांवर गेला असता. कंपनीला कोणत्या बाजूचा मोह पडेल हे तिच्या परिस्थितीवर अवलंबून असते. कर्जाचे भागभांडवलाशी प्रमाण बँकेने घातलेल्या मर्यादेजवळ पोहोचले असेल, तर चढा दर सोयीचा, कारण दायित्व लहान दिसते. नफ्याचा आकडा जपायचा असेल, तर उतरता दर सोयीचा. बँकेकडून नुकतेच ११ टक्क्यांनी तारणी कर्ज घेतलेल्या कंपनीने विनातारण रोख्यासाठी ८ टक्के दर धरला असेल, तर लेखापरीक्षकाने आणि वाचकानेही तेथे थांबून विचारले पाहिजे. टिपणांतील इतर कर्जांचे दर याच तुलनेसाठी वाचायचे असतात.

हक्क खरोखर भागभांडवलाचा आहे का?

प्रत्येक परिवर्तनीय रोख्याची अशी विभागणी होत नाही. एक कसोटी उतरावी लागते : ठरलेल्या रकमेच्या बदल्यात ठरलेल्या संख्येचे समभाग. वरील उदाहरणात १,००० रुपयांना ८ समभाग हे प्रमाण पक्के आहे. समभागांची विभागणी किंवा बक्षीस समभाग झाल्यास रोखेधारकाचे नुकसान होऊ नये म्हणून संख्येत केलेला बदल सहसा या कसोटीला बाधत नाही. परंतु ‘परिवर्तनाच्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा २० टक्के कमी दराने समभाग मिळतील’ अशी अट असेल, तर समभागांची संख्या भावाप्रमाणे बदलते. येथे कंपनी आपले समभाग चलनासारखे वापरून ठरावीक मोलाचे देणे फेडत असते. अशा हक्काला भागभांडवलात जागा नाही. तो दायित्वच राहतो आणि त्याच्या मोलातील फेरबदल नफा-तोट्यात उतरू शकतात.

परकीय चलनातील रोख्यांबाबत भारताने येथे वेगळी वाट धरली आहे. रुपयात व्यवहार चालणाऱ्या कंपनीने डॉलरमध्ये रोखे काढले, तर रुपयांच्या भाषेत रक्कम ठरलेली राहत नाही. मूळ आंतरराष्ट्रीय मानकानुसार तेथील परिवर्तनाचा हक्क कसोटीत नापास होतो आणि दरवर्षी त्याचे फेरमूल्यांकन करून फरक नफा-तोट्यात न्यावा लागतो. इंड एएस ३२ मध्ये मात्र, परिवर्तनाची किंमत कोणत्याही चलनात ठरलेली असली तरी असा हक्क भागभांडवल मानण्याची मुभा आहे. त्यामुळे मॉरिशसमधील आणि भारतातील दोन कंपन्यांनी हुबेहूब सारखे डॉलर रोखे काढले, तरी त्यांचा नफा वेगवेगळा दिसेल. अमेरिकेत तर चित्र आणखी निराळे आहे. तेथील लेखामानक मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर बहुसंख्य परिवर्तनीय रोखे विभागणी न करता सबंध दायित्व म्हणूनच दाखवले जातात आणि खर्च छापील व्याजाच्या आसपास राहतो. अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांच्या वित्तीय खर्चाची तुलना करताना हा फरक ध्यानात घेतला नाही, तर निष्कर्ष चुकतो.

मुदत संपताना

तिसऱ्या वर्षअखेर सर्वांनी समभाग घेतले, तर १ कोटीचे दायित्व ताळेबंदातून निघते. ८०,००० समभाग दिले जातात. ८,००,००० रुपये भागभांडवलात आणि ९२,००,००० रुपये प्रतिभूती अधिमूल्य खात्यात जातात. आधीचे ९,९४,७४१ रुपये भागभांडवलातच असतात, ते हवे तर अधिमूल्य खात्यात वळवता येतात. त्या दिवशी समभागाचा भाव ३०० रुपये असला, तरी नफा-तोट्यात काहीही नोंदले जात नाही.

भाव १२५ रुपयांच्या खाली राहिला, तर कोणी समभाग घेणार नाही आणि कंपनीला १ कोटी रोख द्यावे लागतील. ताळेबंदात हक्काचा भाग भागभांडवल म्हणून दिसत असला, तरी मुद्दलाची ही टांगती तलवार शेवटच्या दिवसापर्यंत खरी असते. पुण्याच्या सुझलॉन एनर्जीला ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरचे परकीय चलनातील परिवर्तनीय रोखे मुदतीवर फेडता आले नाहीत. परिवर्तनाच्या किमतीच्या तुलनेत समभागाचा भाव इतका घसरला होता की समभाग घेण्यात रोखेधारकांना स्वारस्य उरले नव्हते.

परतफेड झाल्यावर भागभांडवलातील ९,९४,७४१ रुपयांचे काय होते? त्यांचा नफा होत नाही. हक्क न वापरता संपला, म्हणून ती रक्कम कंपनीची कमाई झाली असे वाटू शकते, पण मानक तिला नफा-तोट्यात जाऊ देत नाही. फार तर ती भागभांडवलातल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. खर्च नफ्यातून गेला आणि त्याची जोडरक्कम कधीच नफ्यात परतली नाही, ही असमानता अनेक वित्तप्रमुखांना खुपते. तिचे कारण असे की हक्क विकणे हा समभागधारकांच्या भांडवलाशी निगडित व्यवहार आहे आणि त्यातून कंपनीला नफा होऊ शकत नाही.

मुदतीपूर्वी रोखे विकत घेतले, तर दिलेली रक्कम पुन्हा दोन भागांत वाटावी लागते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस व्याज दिल्यानंतर कंपनीने ९९,००,००० रुपयांना सर्व रोखे परत घेतले आणि तेव्हा साध्या रोख्याचा दर ८ टक्के होता, असे समजू. उरलेल्या १,०६,००,००० रुपयांचे त्या दिवशीचे मोल ९८,१४,८१५ रुपये होते. पुस्तकी दायित्व ९६,३६,३६४ रुपये असल्याने १,७८,४५१ रुपयांचा तोटा नफा-तोट्यात जातो आणि उरलेले ८५,१८५ रुपये भागभांडवलातून वजा होतात. सगळाच फरक तोट्यात किंवा सगळाच भांडवलात टाकणे, दोन्ही चूक.

प्रतिसमभाग कमाईचा हिशेब करताना आणखी एक ठेच लागते. परिवर्तन झाले असे गृहीत धरून कमाई मोजताना समभागांत ८०,००० ची भर घातली जाते आणि वाचलेला खर्च नफ्यात परत मिळवला जातो. पहिल्या वर्षासाठी मिळवायची रक्कम, कराचा परिणाम वगळून, ९,००,५२६ रुपये आहे. अनेक पत्रकांत ६,००,००० रुपयेच मिळवलेले आढळतात.

सक्तीने परिवर्तन होणारे रोखे

परदेशस्थ वाचकांचा संबंध बहुधा याच प्रकाराशी येतो. भारताच्या परकीय चलनविषयक नियमांत, पूर्णतः आणि सक्तीने समभागांत रूपांतरित होणारे कर्जरोखेच भांडवली गुंतवणूक मानले जातात. ऐच्छिक परिवर्तनाचे रोखे परकीय कर्जाच्या नियमांत मोडतात. म्हणून परदेशातून येणारा पैसा बऱ्याचदा सक्तीच्या परिवर्तनीय रोख्यांच्या वाटेने येतो.

वरचेच रोखे सक्तीचे असते, तर मुद्दल कधीच रोखीत द्यावे लागले नसते. दायित्व उरते ते केवळ तीन व्याजांचे, म्हणजे १४,९२,१११ रुपये. उरलेले ८५,०७,८८९ रुपये पहिल्याच दिवशी भागभांडवल होतात. पहिल्या वर्षाचा वित्तीय खर्च १,४९,२११ रुपये, तर दिलेल्या ६,००,००० रुपयांपैकी ४,५०,७८९ रुपये दायित्वाची फेड ठरतात. तीन वर्षांत कंपनी १८ लाख रुपये ‘व्याज’ म्हणून देते, पण नफ्यातून जातात अवघे ३,०७,८८९ रुपये. रोखेधारकाच्या हातात येणारी रक्कम आणि कंपनीने दाखवलेला खर्च यांत एवढी दरी पाहून त्याला हिशेबात काही लपवल्याची शंका येते. तसे काही नसते. मानकाच्या दृष्टीने त्या व्याजाचा मोठा भाग पहिल्या दिवशी नोंदलेल्या देण्याची परतफेड आहे.

मात्र हे सारे इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांपुरते आहे. बँका, विमा आणि वित्तसंस्था यांचे वेळापत्रक वेगळे ठेवून इतर कंपन्यांना ही मानके १ एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि त्यांत सूचीबद्ध कंपन्या व किमान २५० कोटी रुपये निव्वळ मत्ता असलेल्या असूचीबद्ध कंपन्या येतात. नात्यातल्या किंवा मित्राच्या लहान खासगी कंपनीत पैसे गुंतवलेल्याला तिच्या ताळेबंदात विभागणी सहसा दिसणार नाही. तेथे रोखे सबंध कर्जाखाली असतील आणि खर्च छापील दरानेच असेल. अशा कंपनीची तुलना सूचीबद्ध कंपनीशी करायची असेल, तर तीन ओळींचे वरचे कोष्टक वाचकाला स्वतःच मांडावे लागेल. त्यासाठी रोख्याची मुदत, छापील दर आणि कंपनीच्या साध्या कर्जाचा दर एवढेच हाताशी असले की पुरते.